तीस वर्षांच्या रकान्यात आलेली एरर

आसनगाव स्टेशनातून बाहेर पडलं की शहापूरकडे जाणाऱ्या शेअर रिक्षांच्या रांगेआधी फ्लॅटच्या जाहिराती भेटतात. वन बीएचके, स्टेशनपासून अमुक मिनिटं, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत हप्ता. फ्लॅटची किंमत बारीक अक्षरांत असते, व्याजाचा दर त्याहून बारीक, आणि कर्जाची मुदत बहुतेक वेळा नसतेच. गेली चार वर्षं मी इथून ठाण्याला लोकलने जातोय, त्यामुळे या पाट्या मला पाठ झाल्या आहेत. पण त्यातला तो मोठ्या अक्षरांतला आकडा येतो कुठून, हे नीट उलगडून बघायची वेळ आली ती माझ्या चुलत भावामुळे.

दादाचं मूळ घर किन्हवलीच्या बाजूला. नोकरी कल्याणला, भाड्याची खोली शहापुरात, आणि मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाणार. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने स्टेशनजवळचा एक फ्लॅट बघितला होता. हाताशी असलेले पैसे वजा जाता वीस लाखांचं कर्ज लागणार होतं. घरभाडं आणि दर महिन्याला टाकतो ती आरडी, दोन्ही मिळून त्याने हिशोब केला होता की हप्ता सोळा हजारांच्या वर गेला तर घर चालणार नाही. कर्जाचं काम बघणाऱ्या एजंटने त्याला सांगितलं, "पंचवीस वर्षांना सोळा हजारांच्या जरा वर जातंय. तीस वर्षं करू, आरामात बसतंय." आणि एका कागदावर १५,३७८ असा आकडा लिहून दिला.

आकडा बरोबर होता. साडेआठ टक्के दराने, तीस वर्षांसाठी, वीस लाखांचा हप्ता तेवढाच येतो. फक्त तो एकटा होता. त्याच्या डाव्या-उजव्या, वरच्या-खालच्या शेजाऱ्यांशिवाय तो स्वस्त आहे की महाग, ते कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून रविवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला, आणि दादा, वहिनी आणि मी असे तिघं तक्ता मांडायला बसलो.

मांडणी साधी आहे. `B1` मध्ये कर्जाची रक्कम, 2000000. तिसऱ्या ओळीत `B3` पासून `F3` पर्यंत मुदत, वर्षांत: 10, 15, 20, 25, 30. `A4` पासून `A8` पर्यंत खाली व्याजाचे दर: 7.5%, 8%, 8.5%, 9%, 9.5%. मग `B4` मध्ये एकच सूत्र लिहायचं आणि तेच उरलेल्या चोवीस चौकोनांत ओढून न्यायचं.

```
=PMT($A4/12, B$3*12, -$B$1)
```

`PMT` ला तीन गोष्टी लागतात: महिन्याचा दर, एकूण महिने आणि कर्ज. वार्षिक दराला बाराने भागलं, वर्षांना बाराने गुणलं. कर्जापुढचं उणे चिन्ह एवढ्यासाठी की उत्तर अधिक यावं, कारण शीटच्या हिशोबात येणारा पैसा आणि जाणारा पैसा यांची चिन्हं उलटी असतात.

खरी गंमत डॉलरच्या चिन्हात आहे. सूत्र उजवीकडे ओढलं की त्यातली अक्षरं पुढे सरकतात आणि खाली ओढलं की आकडे सरकतात. डॉलर म्हणजे खिळा. `$A4` मध्ये A ला खिळा ठोकलाय, म्हणून कितीही उजवीकडे गेलं तरी दर पहिल्याच रकान्यातून येतो, पण खाली गेलं की पुढचा दर घेतो. `B$3` मध्ये उलट: 3 ला खिळा, म्हणून मुदत कायम तिसऱ्या ओळीतून येते. कर्जाच्या रकमेला दोन्हीकडून खिळा, कारण ती हलायलाच नको. वहिनी शिवणकाम करते. ती म्हणाली, "म्हणजे टाचणी. कापड सरकू नये तिथे लावायची." यापेक्षा चांगली व्याख्या मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ऐकली नव्हती.

तक्ता भरल्यावर लगेच त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. दर 8.5% ऐवजी नुसता 8.5 टाकला गेला असेल, तर शीट त्याला साडेआठशे टक्के समजतं आणि त्या ओळीतल्या सगळ्या मुदतींचा हप्ता चौदा लाखांच्या वर, जवळजवळ एकसारखा दिसतो. वर्षांना बाराने गुणायचं राहिलं असेल, तर दहा वर्षांचा हप्ता दोन लाखांच्या पुढे जातो, कारण शीट दहा महिन्यांत कर्ज फेडायला बसलेलं असतं. आणि निरोगी तक्त्याची खूण अशी: उजवीकडे गेलं की आकडा कमी झाला पाहिजे, खाली गेलं की वाढला पाहिजे, कुठेही अपवाद नको. आमचा तक्ता या कसोटीला उतरला. त्यातल्या तीन ओळी अशा होत्या (रुपयांत):

| दर | १० वर्षं | १५ | २० | २५ | ३० |
|---|---|---|---|---|---|
| ७.५% | २३,७४० | १८,५४० | १६,११२ | १४,७८० | १३,९८४ |
| ८.५% | २४,७९७ | १९,६९५ | १७,३५६ | १६,१०५ | १५,३७८ |
| ९.५% | २५,८८० | २०,८८४ | १८,६४३ | १७,४७४ | १६,८१७ |

मधली ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. दहावरून पंधरा वर्षांवर गेलं की हप्ता ५,१०० रुपयांनी उतरतो. पंधरावरून वीसवर गेलं की २,३०० ने. पुढची पाच वर्षं १,२५० देतात. आणि पंचवीसवरून तीसवर जाताना उतरतात फक्त ७२६ रुपये. प्रत्येक वेळी आपण पाचच वर्षं देतोय, पण बदल्यात मिळणारी सूट आटत चालली आहे. दादा म्हणाला, "पण कमी तर होतंय ना?" होतं. म्हणून आम्ही खाली अजून एक ओळ घातली: हप्ता गुणिले महिने, वजा कर्ज. म्हणजे एकूण व्याज. दहा वर्षांना ९.७६ लाख, पंधराला १५.४५, वीसला २१.६६, पंचवीसला २८.३१ आणि तीसला ३५.३६ लाख. पंचवीसवरून तीसवर गेल्यावर महिन्याचे ७२६ रुपये वाचतात आणि व्याज सात लाखांनी वाढतं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. जास्त मुदत, जास्त व्याज. दादाचं त्यावरचं उत्तरही योग्य होतं: "सात लाख तीस वर्षांनी. मला आज सातशे लागतात." ज्याचा पगार महिन्याच्या तेवीस तारखेला संपतो त्याच्यासाठी तीस वर्षांनंतरचे सात लाख हा फार लांबचा आकडा आहे. त्यामुळे मला त्याच्याशी व्याजाच्या बेरजेवर वाद घालायचा नव्हता. मला ती सूट आटते का, ते त्याला दाखवायचं होतं.

त्यासाठी तक्त्याच्या उजव्या टोकाला, तीस वर्षांच्या पुढे, आणखी एक रकाना केला. त्यात मुदतच नाही.

```
=$B$1*$A4/12
```

हे फक्त पहिल्या महिन्याचं व्याज. साडेआठ टक्क्यांना १४,१६७ रुपये. हप्ता याच्या खाली कधीच जाऊ शकत नाही, मुदत शंभर वर्षं केली तरी. हा तळ आहे. याच्या वर जे भरतो तेवढंच मुद्दलात जातं. पंधरा वर्षांच्या हप्त्यात पहिल्या महिन्याला साडेपाच हजार रुपये मुद्दलात जातात, वीसच्या हप्त्यात ३,१९०. तीसच्या हप्त्यात १,२१२. म्हणजे एजंटने लिहून दिलेले १५,३७८ हे तळापासून जेमतेम बाराशे रुपये वर तरंगत होते. वहिनीने तो रकाना खालपर्यंत वाचला आणि साडेनऊ टक्क्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे तळ होता १५,८३३. "हे तर आपल्या हप्त्यापेक्षा जास्त आहे," ती म्हणाली.

सगळं याच वाक्यात होतं. आपण हप्ता कसा कमी होतो ते तक्त्यात आडवं बघत जातो, पण दर बदलला की आपण तक्त्यात उभे सरकतो, आणि तळसुद्धा सोबत वर येतो.

दर बदलणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली तरत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या मानदराशी जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडला. तो रेपो ४ मे २०२२ ला ४ टक्क्यांवरून ४.४० झाला आणि वाढत वाढत ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५० वर पोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. ज्याने त्याआधी ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी वीस लाख घेतले होते, त्याचा हप्ता १५,५०६ रुपये होता. साडेनऊ टक्क्यांनी वीस लाखांवरचं महिन्याचं व्याजच १५,८३३ होतं. मधल्या काळात थोडं मुद्दल फिटलेलं असणार, पण सुरुवातीच्या वर्षांत ते किती कमी फिटतं ते आपण वर बघितलंच.

अशा वेळी सोपा मार्ग असा असतो की हप्ता तोच ठेवायचा आणि मुदत वाढवायची. कर्जदाराला महिन्याला फरक जाणवत नाही, त्यामुळे कित्येकांना आपली मुदत वाढल्याचं कळतही नाही. म्हणून आम्ही दुसरा तक्ता मांडला. पहिल्यात दर आणि मुदत देऊन हप्ता काढला होता. यात साडेआठ टक्क्यांचा हप्ता (तो सहाव्या ओळीत आहे) कायम ठेवायचा, दर बदलायचा आणि किती महिने लागतील ते विचारायचं. त्याचे दर `A12` पासून खाली लिहिले आणि `B12` मध्ये हे सूत्र:

```
=NPER($A12/12, -B$6, $B$1)
```

साडेनऊ टक्क्यांच्या ओळीत उत्तरं आली ती अशी. दहा वर्षांचं कर्ज १२० ऐवजी १२९ महिन्यांत फिटतं. पंधरा वर्षांचं १८० ऐवजी २०७. वीस वर्षांचं २४० ऐवजी ३०९, म्हणजे जवळजवळ सव्वीस वर्षं. पंचवीस वर्षांचं ३०० ऐवजी ५१८, म्हणजे त्रेचाळीस वर्षं. आणि तीस वर्षांच्या रकान्यात आकडा आलाच नाही. तिथे आलं:

```
#NUM!
```

दादाला वाटलं सूत्र बिघडलं. सूत्र ठीक होतं. हप्ता व्याजाच्या तळापेक्षा खाली असेल तर कर्ज दर महिन्याला वाढतं, आणि वाढणारं कर्ज किती महिन्यांत संपेल याला उत्तर नसतं. त्या चौकोनात शीटने दिलेली एरर हेच खरं उत्तर होतं. साडेआठवरून फक्त पाऊण टक्का वर, सव्वानऊला गेलं तरी तळ १५,४१७ होतो आणि १५,३७८ चा हप्ता बुडतो.

इथे हिशोबाच्या मर्यादा सांगायला हव्यात. हा तक्ता असं धरतो की दर पहिल्याच दिवशी वाढला. पाच वर्षांनी वाढला तर मुद्दल थोडं उतरलेलं असेल आणि धक्का त्या मानाने कमी बसेल. शिवाय कोणतीही बँक त्रेचाळीस वर्षं थांबत नाही. कर्जदाराच्या वयाची मर्यादा आडवी येते आणि मग हप्ताच वाढवावा लागतो. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलं आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, आणि मुदत वाढवताना कर्ज उलटं वाढत जाणार नाही याची काळजी घ्यायची. म्हणजे आमच्या शीटमधली ती एरर प्रत्यक्षात बँकेच्या खात्यात राहू शकत नाही. ती वाढलेल्या हप्त्याच्या रूपाने घरात येते. तीस वर्षांच्या कर्जावर मुदत ताणायला जागाच उरलेली नसते, त्यामुळे दर एक टक्का चढला तर १५,३७८ चे १६,८१७ करावेच लागतात. ज्या घराची मर्यादा सोळा हजार आहे त्या घरात.

उलट बाजूही खरी आहे आणि ती वहिनीनेच विचारली: "आणि दर उतरला तर?" साडेसात टक्क्यांची ओळ बघितली. हप्ता तोच ठेवला तर पंधरा वर्षांचं कर्ज १६२ महिन्यांत फिटतं, वीसचं २०४ मध्ये, आणि तीसचं ३६० ऐवजी २६९ मध्ये. सगळ्यात मोठा फायदासुद्धा तीसच्याच रकान्यात. म्हणजे लांब मुदत हा नुसता महाग पर्याय नाही, ती दरावर लावलेली पैज आहे. दर उतरला तर साडेसात वर्षं आधी सुटका, चढला तर एरर. डावीकडच्या रकान्यांत ही पैज लहान होत जाते. पैज लावायला हरकत नसते, पण हरलो तर देण्याएवढे पैसे बाजूला असावे लागतात. दादाकडे ते नव्हते.

मग प्रश्न बदलला. "वीस लाखांचा हप्ता सोळा हजारांत कसा बसवायचा" याऐवजी "सोळा हजारांत वीस वर्षांचं कर्ज किती बसतं". याला नवा तक्ता लागत नाही. `B1` मधली रक्कम बदलायची, पन्नास सूत्रं आपोआप हलतात. वहिनीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पन्नास-पन्नास हजारांनी उतरत गेली. साडेएकोणीस, एकोणीस. साडेअठरा लाखांना वीस वर्षांच्या रकान्यात आलं १६,०५५. दादाच्या रेषेच्या पंचावन्न रुपये वर. साडेनऊ टक्क्यांना तोच हप्ता १७,२४४ होत होता, आणि मुदत ताणायची झाली तर सव्वीस वर्षांपर्यंत जागा होती. दादा तेव्हा बत्तीसचा होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी तरी संपलं असतं.

दीड लाखांचा फरक कुठून आणायचा? दादाने वहिनीकडे बघितलं, कारण तिच्या भिशीचे साधारण तेवढेच पैसे होते आणि ते त्याला माहीत होतं. वहिनी शहापुरात बाजारपेठेत शिवणकामाचं छोटं दुकान टाकायचं म्हणत होती, ते पैसे त्याचे. ती बराच वेळ शीटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भिशीला हात लावायचा नाही. दुकान चाललं तर हप्ता वाढला तरी भरता येईल. ते पैसे फ्लॅटमध्ये घातले तर दर वाढल्यावर आपण काय विकणार, खिडकी?"

मला हे सुचलं नव्हतं. माझ्या तक्त्यात दर होते, मुदती होत्या, पण उत्पन्नाचा रकाना नव्हता. तिच्या डोक्यात तो होता.

त्याच इमारतीत मागच्या बाजूला एक फ्लॅट होता. चटईक्षेत्र थोडं कमी, बाल्कनी नाही, आणि किंमत दीड लाखांच्या आसपास कमी. पहिल्या फ्लॅटच्या बाल्कनीतून माहुलीचे सुळके दिसायचे. पावसाळ्यात ढग उतरले की ते बघत चहा प्यायचा, असं दादाने दोन-तीनदा बोलून दाखवलं होतं. मागच्या फ्लॅटच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. एजंटला त्याने फोन करून मुदत वीस वर्षं आणि कर्ज साडेअठरा लाख सांगितलं, तेव्हा समोरून थोडी कुरकुर झाली. प्रक्रिया शुल्क, विम्याचा हप्ता कर्जातच जोडायचा का, असले प्रश्न आले. वहिनीने शेजारून खूण केली, जोडायचा नाही. कर्जात घातलेला प्रत्येक हजार वीस वर्षं व्याज खातो हे तिने `B1` मध्ये हजार वाढवून आधीच बघून ठेवलं होतं: महिन्याला पावणेनऊ रुपये, एकूण दोन हजारांच्या वर.

२०२५ मध्ये रेपो उतरत गेला. फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५. पहिल्या कपातीनंतर हप्ता कमी करायचा की मुदत, असं बँकेने विचारलं तेव्हा दादाने मला फोन केला. मी काही बोलायच्या आत मागून वहिनीचा आवाज आला, "हप्ता तोच राहू दे म्हणावं." शीट आता तिच्या फोनमध्ये असते. दरांच्या रकान्यात तिने साडेसातच्या वर स्वतः आणखी दोन ओळी घातल्या आहेत, आणि टाचण्या सगळ्या जागच्या जागी आहेत.